चिऊ, बटाटे रात्री पाण्यात ठेवू नकोस

चिऊ बाळ,

काल फोनवर तू गडबडीत होतीस, गाडीवर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून जास्त बोललो नाही. पण तू सहज म्हणालीस ना की पप्पा आता सकाळी घाई होत नाही, रात्री दहालाच चार किलो बटाटे उकडून त्याच पातेल्यात पाण्यात ठेवते आणि सकाळी सोलून कट वड्याची भाजी करते, ते डोक्यातनं जाईना झालंय. रात्री झोप नाही लागली नीट. म्हणून बसून सगळं लिहितोय, जावईबापूंनाही वाचायला दे.

आपली मंगळवार पेठेतली खाणावळ होती तेव्हा मी पण हेच करायचो. तू तेव्हा चौथीत होतीस. एप्रिलचा महिना होता, रात्री उकडलेले बटाटे झाकण घालून पाण्यात ठेवले, सकाळी भाजी केली, वास नव्हता, चव चांगली होती, आईने पण चाखली. दुपारी दोनच्या आत जेवून गेलेल्यांपैकी पाच पोरांना उलट्या सुरू झाल्या. एकाला सलाईन लावावं लागलं. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले, पण त्या पोराच्या आईचा फोन आला होता तो आवाज मला अजून आठवतो. चूक माझी होती, आणि मला ती माहीतच नव्हती.

त्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. बटाटा मातीतला. मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस सेरियस म्हणतात त्याला. तो अडचणीत आला की स्वतःभोवती घट्ट कवच करून बी सारखा गप पडून राहतो, आणि ते बी उकळत्या पाण्यात मरत नाही. म्हणजे तू बटाटे अगदी मऊ होईपर्यंत उकडलेस तरी ते तिथंच असतं. बाकीचे जंतू मेलेले, त्यामुळं त्याला रान मोकळं. नंतर पाणी कोमट झालं की ते बी उघडतं आणि वाढायला लागतं, साधारण 5 ते 60 डिग्रीच्या मधे, आणि अंगाला लागेल अशा कोमट पाण्यात तर फार जोरात.

आता तुझ्या पातेल्याचं बघ. मी नंतर थर्मामीटर आणला होता आणि एकदा रात्रभर जागून मोजलं होतं. चार किलो बटाटे, वर बुडेल एवढं पाणी, झाकण घातलेलं, रात्री दहाला गॅस बंद. बाराला आत 65 डिग्री होतं. दोनला 50. पहाटे सहाला 36. म्हणजे बारानंतर थोड्याच वेळात 60 च्या खाली, आणि तिथून सकाळपर्यंत सगळा वेळ नेमका त्याला वाढायला पाहिजे तसा. आपल्याला वाटतं पाण्यात ठेवलं म्हणजे गार राहतं, पण भरलेलं पातेलं सहा-आठ तास गरमच राहतं, पाणी ऊब धरून ठेवतं. आणि मीठ टाकलंस तरी उपयोग नाही, भाजीपुरतं मीठ त्याला काही करत नाही.

तू म्हणशील पप्पा नंतर तळतो की वडा, तेलात सगळं मरतंय. जिवाणू मरेल, पण रात्रीत त्याने जे विष तयार केलेलं असतं ते तळून, फोडणी देऊन जात नाही. उलटीचं विष तर प्रेशर कुकरच्या उष्णतेतही टिकतं. म्हणून त्या पोरांना खाल्ल्यावर एक ते सहा तासातच त्रास झाला, जिवाणू पोटात जाऊन वाढायची गरजच नव्हती, विष आधीच तयार होतं. आणि याला वास येत नाही, चव बदलत नाही. पाण्यावर फेस आला, बटाटा बुळबुळीत लागला, आंबूस वास आला तर टाकशीलच, पण हे काही नसलं म्हणजे बरोबर आहे असं नाही. रात्रभर बाहेर राहिलेलं चाखून बघून ठरवू नकोस, टाक. चार किलो बटाट्यांचे पैसे जातात तेवढेच.

तू वाटाण्याचं विचारशील, ते रात्रभर पाण्यातच भिजतात की, मग? ते कच्चं असतं बाळ. सकाळी ते पाणी ओतून टाकतो, नव्या पाण्यात मऊ होईस्तोवर शिजवतो. उकडलेला बटाटा पुढं कधीच धड शिजत नाही, नुसता कुस्करून परततो. फरक एवढाच, पण सगळं त्याच्यातच आहे. उन्हाळ्यात मात्र भिजवलेले वाटाणे पण आंबतात, ते फ्रिजमधे ठेव. पावभाजीला फ्लॉवर, गाजर, मटार उकडलेस तर त्यांचा नियम बटाट्यासारखाच.

कच्चा बटाटा सोलून, कापून गार पाण्यात ठेवायचा असेल तर फ्रिजमधे एक रात्र चालतो. पाण्यात ठेवला की काळा पडत नाही. फक्त त्यातली सत्त्वं थोडी पाण्यात उतरतात, ती काही मोठी गोष्ट नाही. ते पाणी सकाळी टाक.

माझं विचारशील तर सकाळीच उकड. बारीक बटाटे निवड, मोठे असतील तर अर्धे कर, पाच लिटरच्या कुकरमधे तीन शिट्ट्यात होतात, तोवर मसाला वाटून होतो. पण तुला रात्रीच करायचं असेल, पोरगं लहान आहे, मला कळतं, तर असं कर. गॅस बंद केला की पाणी लगेच ओत. नळाखाली गार पाण्यात दहा मिनिटं ठेव, एकदा पाणी बदल, मग निथळून मोठ्या परातीत एक थर पसर, ढीग नको, वर पंखा लाव. दोन तासाच्या आत 21 डिग्रीपर्यंत आणि पुढच्या चार तासात 5 च्या खाली आलं पाहिजे, असा हिशेब असतो. पंख्याखाली तासाभरात हाताला गार लागतील. मग साल न काढता उथळ डब्यात घालून फ्रिजमधे, एका डब्यात दोन थर, त्याहून जास्त नको, नाहीतर मधले गरमच राहतात. सोलायचे सकाळी हात साबणाने धुऊन, कारण हाताचे जंतू पण उकडलेल्या बटाट्यावर वाढतात, कापलेलं बोट असेल तर दुसऱ्याला सोलायला सांग.

आणि यात तुझ्या वड्याचा पण फायदा आहे. पाण्यात रात्रभर राहिलेला बटाटा पाणी पितो, भाजी सैल होते, मग तू बेसन घट्ट करत बसतेस तरी वडा तेलात फुटतो. फ्रिजमधला गार बटाटा घट्ट असतो, चिकट होत नाही, कुस्करला की मोकळा होतो, गोळा हातात बसतो. तू मागच्या आठवड्यात म्हणालीस ना वडे फुटतायत, मला वाटतं कारण हेच असणार.

फ्रिज 4 डिग्रीवर आहे का तेवढं बघ, तुझा जुना आहे आणि दार नीट लागत नाही असं आई म्हणाली. उकडलेले बटाटे त्यात दोन दिवसाच्या पुढं ठेवू नकोस.

उद्या रात्रीपासूनच बदल कर. आज रात्रीचे पातेल्यात ठेवलेले असतील तर ते वापरू नकोस, सकाळी नवीन उकड, गाडी अर्धा तास उशिरा लागली तर लागू दे. गुरुवारी मी येतोय, येताना खाणावळीची मोठी परात आणि तीन उथळ डबे घेऊन येतो, आणि तो थर्मामीटर पण शोधून ठेवलाय.

पप्पा