वीस सेकंदांत नापास झालेला इसवण

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात मासळी बाजारातल्या तपासणीची बातमी वाचली. ‘इसवण ९.५ अंशांवर, बर्फ अपुरा’ असा मथळा आणि खाली, पथकाने एकेका माशाची तपासणी वीस सेकंदांत उरकली, हे कौतुकाने लिहिलेले वाक्य. हे वाक्य खरे असेल तर मथळ्यातला आकडा माशाचा नाही, हे छापण्याआधी कुणाच्याच लक्षात आले नाही का?

थर्मामीटर माशाचे तापमान दाखवत नाही, तो स्वतःच्या टोकाचे तापमान दाखवतो. ते टोक माशाइतके थंड होईपर्यंत पडद्यावर दिसतो तो फक्त वाटेतला आकडा. मे महिन्यात बाजारातली हवा ३२ अंश धरा, म्हणजे थर्मामीटरची सळईही ३२ अंशांची. ती २ अंशांच्या, व्यवस्थित बर्फातल्या इसवणात खुपसली. सळईतला आणि माशातला फरक दर दहा सेकंदांनी निम्मा होतो असे धरले, तर दहाव्या सेकंदाला १७ अंश दिसतील, विसाव्याला ९.५, तिसाव्याला ५.८, चाळिसाव्याला ३.९ आणि साठाव्याला २.५. मथळ्यातला आकडा विसाव्या सेकंदाला जसाच्या तसा मिळतो. पथकाच्या सळईचा वेग मला ठाऊक नाही, म्हणून तो मासा चांगलाच होता असा माझा दावा नाही. पण चांगला मासाही वीस सेकंदांत नापास होऊ शकतो, एवढे यातून दिसते आणि नुकसान विकणाऱ्या बाईचे होते.

उपकरणाच्या पुस्तिकेत दहा सेकंद लिहिलेले असतात, असे उत्तर येईल. तो वेळ बहुधा ढवळलेल्या पाण्यात मोजलेला असतो. पाणी सळईला सतत नव्याने भिडते. माशाचे मांस मात्र जागचे हलत नाही, गरम सळई आधी भोवतालच्या मांसालाच थोडे तापवते. त्यामुळे शेवटचे एक-दोन अंश उतरायला हिशेबापेक्षा जास्तच वेळ लागतो.

म्हणून घड्याळापेक्षा आकड्याच्या चालीकडे बघावे. दर दहा सेकंदांनी आकडा टिपावा आणि लागोपाठ तीन आकड्यांत ०.२ अंशांपेक्षा जास्त फरक नसेल तेव्हाच नोंद करावी. पडदा फक्त पूर्ण अंश दाखवणारा असेल तर ही कसोटी चालत नाही, कारण आत घसरण चालू असतानाही आकडा थबकलेला दिसतो.

त्याआधी सळई कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून केलेल्या काल्यात बुडवावी. भांड्याच्या तळाला वा कडेला न टेकवता, ढवळत ठेवल्यावर आकडा शून्याच्या आसपास स्थिरावला पाहिजे. उपकरण बरोबर आहे की नाही तेही कळते आणि सळई थंडही होते. मग ती पुसून, डोक्यामागच्या सर्वांत जाड भागात, काट्याला न टेकवता खोल घालावी. जेमतेम टोक आत गेले तर बाहेरच्या सळईतून उष्णता आत येत राहते आणि कितीही थांबलात तरी आकडा चढाच राहतो. बांगड्यासारख्या लहान माशात ही अडचण अधिक, तिथे बारीक सळईच हवी.

मात्र थंड सळईनेही घाई चालत नाही, तिथे चूक उलटी होते. शून्य अंशांची सळई १२ अंशांच्या बांगड्यात घातली आणि पाचव्या सेकंदाला बघितले, तर वरच्याच वेगाने सुमारे ३.५ अंश दिसतील. म्हणजे मासा पास! बांगडा, कुपां यांसारख्या माशांत ऊब मिळाली की जिवाणू हिस्टामाईन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार करतात आणि ते शिजवल्याने जात नाही. इथली घाई थेट गिऱ्हाइकाच्या ताटात येते.

आणखी एक. बातमीसोबतच्या छायाचित्रात अधिकाऱ्याच्या हातात सळई नाहीच, लाल ठिपका पाडणारी बंदूक आहे आणि ओळ मात्र ‘माशाच्या गाभ्याचे तापमान घेताना’. ती बंदूक फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगते. वर बर्फ असेल तर बर्फाचे, नुकताच बाजूला काढून उन्हात ठेवला असेल तर तापलेल्या कातडीचे. त्या दिवशी वापरली सळई की बंदूक, हे वार्ताहराने विचारून छापावे.

आणि यापुढे असा आकडा छापताना सळई किती वेळ आत होती आणि आकडा थांबला होता का, हे दोन प्रश्न पथकाला विचारावेत. ९.५ अंशांबाबत उत्तर मिळाले नाही, तर खुलासा त्याच पानावर छापावा, ही विनंती.

आपला,
अन्न तपासणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त तंत्रज्ञ,
मडगाव