बाबा, भागाकार ६४ ने नव्हे, ६० ने

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही कॅलेंडरच्या जुन्या पानामागे पट्टीने रेघा मारून केलेल्या हिशेबाचा फोटो काल रात्री मिळाला. बेरीज नेहमीसारखी चोख आहे. ‘१८४ ÷ ६४ = २.८७५’ असे लाल शाईने लिहून त्याखाली ‘वाढ फक्त ०.०७५’ या शब्दांना तुम्ही दोनदा अधोरेखित केले आहे, त्याचा अर्थ मला कळला. सरासरीतल्या एवढ्याशा वाढीसाठी मुलगी जून-जुलैत घरी येत नाही, पुन्हा फी भरते, हे तुम्हाला पटत नाही. हे फोनवर सांगायला घेतले की आई फोन तुमच्या हातात देऊन आत जाते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आधीच सांगते, की तिकीट मी परवा रद्द केले आहे आणि उन्हाळी सत्रात कॅल्क्युलस दोनला पुन्हा नाव नोंदवले आहे. मी तुम्हाला विचारत नाही, सांगते आहे, याचे मला वाईट वाटते; पण विचारले असते तर तुम्ही ‘ये’ म्हणाला असतात आणि मी आले असते.

तुमच्या आकडेमोडीत चूक नाही, फक्त ती वेगळ्या नियमाची आहे. गेल्या चार सत्रांत मी ६० क्रेडिटचे विषय केले. प्रत्येक विषयाच्या क्रेडिटला मिळालेल्या ग्रेडच्या गुणांनी गुणायचे (इथे ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, डी म्हणजे १ आणि एफ म्हणजे शून्य) आणि सगळ्यांची बेरीज करायची. माझी ती बेरीज १६८ आहे, म्हणून १६८ भागिले ६०, सरासरी २.८०. कॅल्क्युलस दोनला ४ क्रेडिट होती आणि डी मिळाला, म्हणजे १६८ पैकी त्या विषयाचे ४ गुण. आता त्यात ए मिळाला तर ४ गुणिले ४ असे १६ गुण येतील. तुम्ही हे १६ गुण १६८ मध्ये मिळवले आणि ४ क्रेडिट ६० मध्ये मिळवली. मी वेगळाच नवा विषय घेऊन त्यात ए मिळवला असता, तर तुमचे उत्तर तंतोतंत बरोबर ठरले असते.

आमच्या विद्यापीठात पुन्हा केलेल्या विषयाचा नवा ग्रेड जुन्या ग्रेडच्या जागी बसतो. बाबा, बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे मी काय सांगावे! चुकीची नोंद झाली की तुम्ही ती खोडत नव्हता, उलटी नोंद करून मग बरोबर नोंद घालत होता. पासबुकात सगळ्या ओळी दिसायच्या, पण शिल्लक बरोबर नोंदीचीच उरायची. इथेही जुने ४ गुण आणि त्यांची ४ क्रेडिट दोन्ही बाहेर काढतात, मग नवे १६ गुण आणि नवी ४ क्रेडिट आत घेतात. वरचा आकडा १६८ वजा ४ अधिक १६, म्हणजे १८०. खालचा आकडा ६० वजा ४ अधिक ४, म्हणजे पुन्हा ६०च. १८० भागिले ६०, बरोबर ३.००. वाढ ०.०७५ नव्हे, ०.२० आहे, आणि माझ्या शिष्यवृत्तीची अट ३.०० ची आहे. खालचा आकडा वाढत नाही, सगळी गंमत तिथे आहे.

‘मग शरद सत्रात कर, आता घरी ये’ असे आई म्हणेल, म्हणून तेही लिहिते. शिष्यवृत्तीवाले उन्हाळी सत्र संपल्यावरची सरासरी पाहतात, हे पहिले कारण. दुसरे असे, की फरक १२ गुणांचाच राहणार आहे, पण तो कितींत वाटला जातो ते महत्त्वाचे. आज १२ भागिले ६०, म्हणजे ०.२०. शरद सत्रात १५ क्रेडिटचे इतर विषय घेतले की खाली ७५ होतील आणि याच बदलाचे वजन ०.१६ वर येईल. शेवटच्या वर्षाअखेर, १२० क्रेडिट झाल्यावर, ते फक्त ०.१० उरेल. दुरुस्ती लवकर केली तर तिचा जोर असतो. आपल्या कराडच्या घराच्या भिंतीचे काय झाले ते आठवा.

आता जे तुमच्यापासून झाकून ठेवणार होते, तेही सांगते. नवा ग्रेड जुन्याची जागा घेतो तो चांगला असो वा वाईट. आमच्याकडे शेवटचा प्रयत्न धरतात, सर्वांत चांगला नव्हे. म्हणजे मला सी मिळाला तर १७२ भागिले ६०, साधारण २.८७; आणि नापास झाले तर १६४ भागिले ६०, २.७३, आजच्यापेक्षाही खाली, वर डीने मिळालेली ४ क्रेडिटही हातची जातील. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. शिवाय ए मायनसला इथे ३.७ गुण आहेत, त्यात १७८.८ भागिले ६०, म्हणजे २.९८ येते, आणि २.९८ ला कुणी ३.०० म्हणत नाही. फक्त ए वर सगळा डाव लावणे मला धोक्याचे वाटले, म्हणून मी सोबत तीन क्रेडिटचा एक इतिहासाचा विषय घेतला आहे. त्यात ए मिळाला, तर कॅल्क्युलसमध्ये बी प्लस, म्हणजे ३.३, आला तरी १६८ वजा ४ अधिक १३.२ अधिक १२, असे १८९.२ गुण होतात, आणि ६३ ने भागल्यावर ३.००३ येतात. काठावर आहे, पण अलीकडच्या नव्हे, पलीकडच्या काठावर.

गावातल्या स्वस्त कॉलेजात हाच विषय का करत नाहीस, असे तुम्ही विचारले होते. तिथली क्रेडिट आमच्याकडे चालतात, पण तिथला ग्रेड आमच्या सरासरीत येत नाही, त्यामुळे जुना डी आहे तिथेच राहतो. जागा बदलायची तर तोच विषय, त्याच क्रमांकाचा, आमच्याच विद्यापीठात करावा लागतो. आणि बाबा, शेजारी कुणाला सांगाल तेव्हा एटीकेटी म्हणू नका. एटीकेटी नापास झालेल्या विषयाची असते. मी पास झाले होते, वाईट पास झाले होते एवढेच. तेव्हा ‘पेपर बरा गेला’ असे मी सांगितले ते खोटे होते. आजीचे ते पंधरा दिवस होते, तुमचा आवाजच असा येत होता की डी हे अक्षर तोंडातून निघाले नाही. वर्षभर ते माझ्या मनात बसून होते.

जुना डी प्रगतिपत्रकावरून जाणार नाही, हेही माहीत असू द्या. तो त्या सत्राच्या ओळीत दिसत राहील, शेजारी फक्त तो मोजलेला नाही अशी खूण येईल. माझ्या खोलीतली मैत्रीण मेडिकलला अर्ज करणार आहे, तिला या सवलतीचा तिथे काहीच उपयोग नाही, कारण इथे अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांचे अर्ज घेणारी एएमसीएएस ही यंत्रणा स्वतःची सरासरी काढते आणि त्यात दोन्ही प्रयत्न धरते. मला तूर्त शिष्यवृत्तीपुरता विद्यापीठाचा आकडा हवा आहे, म्हणून माझे काम भागते. पुढे एमएसला कुणी डी बद्दल विचारले तर विचारू दे, शेजारची ओळ दाखवीन.

एक गोष्ट मात्र आपोआप होत नाही. जुना ग्रेड वगळावा असा अर्ज रजिस्ट्रारच्या कार्यालयात द्यावा लागतो. तो मी नाव नोंदवले त्याच दिवशी दिला आणि शिक्का मारलेली प्रत ठेवली आहे. माझ्या पुढच्या वर्षातल्या एका मुलाने अर्ज दिलाच नव्हता; त्याला शिष्यवृत्ती बंद झाल्याचे पत्र आले आणि ते निस्तरायला अर्धे सत्र गेले. ऑगस्टमध्ये निकाल लागला की मी आधी सरासरी पाहणार नाही, `GPA Hours` समोरचा आकडा पाहीन. तिथे ६३ असेल तर अदलाबदल झाली. ६७ असेल तर जुनी ४ क्रेडिट अजून आतच आहेत, आणि मग ३.००३ ऐवजी २.८८ दिसेल. मिळवलेल्या क्रेडिटचा आकडा, `Earned Hours`, मात्र दोन्ही बाबतींत ६३च हवा, कारण एकाच विषयाची क्रेडिट पदवीसाठी दोनदा मिळत नाहीत. स्क्रीनचा फोटो पाठवीन, तुम्ही तपासा. सतराचा पाढा चुकला की ओसरीवर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचा, तसेच तपासा.

आई, तू खाण्याची काळजी करू नकोस. उन्हाळ्यातही हीच खोली राहणार आहे, राइस कुकर आहे, तू दिलेले मेतकूट निम्मे शिल्लक आहे आणि तूपही मिळते. फी मी ग्रंथालयातल्या कामाच्या पैशांतून भरली आहे, त्यामुळे एफडी मोडायचा विचारही करू नका. बाबा, हे तुमच्यासाठी आहे, मला माहीत आहे तुम्ही परवा बँकेत कशाला गेला होतात. भर दुपारी, बीपीची गोळी न घेता. आईच्या गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा झाले पाहिजेत, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, जास्तीचे नकोत. आणि काकूकडचे तेल बंद. गोळ्यांचा डबा दर रविवारी भरून त्याचा फोटो मला पाठवायचा आहे, चुकवायचा नाही. रागावून लिहीत नाही, इथून तेवढेच करता येते म्हणून लिहिते.

माझ्या खोलीतली चादर या वर्षी धुऊन घालू नका, मी डिसेंबरात येईन तेव्हाच घाला. आणि बाबा, कॅलेंडरचे ते पान टाकू नका. त्याच्याच खाली नवा हिशेब मांडा: वरून ४ वजा, खालून ४ वजा, मग दोन्हीकडे नवे आकडे मिळवा. उत्तर आले की फोन करा. मी जागी असेन.

तुमची,
मनू