सर्वसाधारण दर नेमका कोणाचा? पणन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पणन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

राज्यातील बाजार समित्या रोज जे बाजारभाव जाहीर करतात, त्यांत प्रत्येक शेतमालापुढे आवक आणि तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. हे पत्र त्या तिसऱ्या दराबद्दल आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात तोच जातो, मोबाईलवर तोच फिरतो आणि मदतीची किंवा भावफरकाची चर्चा निघाली की तोच पुढे केला जातो. बहुतेक लोक त्याला सरासरी समजतात, पण तो सरासरी नव्हे. केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर त्या रकान्याला ‘मोडल प्राइस’ असे नाव आहे. म्हणजे शाळेच्या गणितात आपण ज्याला बहुलक म्हणतो तो, ज्या दराने त्या दिवशी सर्वाधिक माल विकला गेला असा दर. मी निफाड तालुक्यात गणित शिकवून निवृत्त झालो आणि थोडा कांदाही पिकवतो, त्यामुळे सरासरी, मध्यक आणि बहुलक हे तिन्ही शब्द मी फळ्यावर लिहिले आहेत आणि त्यांच्यातला फरक हिशोबपट्टीवर भोगलाही आहे.

गेल्या उन्हाळ कांद्याच्या हंगामात एका सकाळी लिलावाच्या एका रांगेतील पंधरा वाहनांचे भाव मी वहीत टिपले. हिशोब सोपा राहावा म्हणून येथे ते पन्नासच्या पटीत आणले आहेत आणि ट्रॉलीचे वजन सरसकट 20 क्विंटल धरले आहे. क्विंटलमागे रुपयांत, चढत्या क्रमाने, ते असे होते: 500, 700, 800, 900, 1,000, 1,050, 1,100, 1,200, 1,300, 1,400, 1,500, 1,500, 1,500, 1,600 आणि 2,400. पहिले दोन-तीन भाव गोल्टीचे आणि डागी मालाचे होते. शेवटचे वाहन म्हणजे हाताने निवडलेला, एकसारख्या आकाराचा माल घेऊन आलेला छोटा टेम्पो होता आणि त्यात जेमतेम 4 क्विंटल कांदा होता.

या रांगेचा सर्वसाधारण दर काय लिहावा? सर्वाधिक वेळा आलेला भाव 1,500 आहे, म्हणून व्याख्येप्रमाणे बहुलक 1,500. जाहीर होणारी ओळ होईल: किमान 500, कमाल 2,400, सर्वसाधारण 1,500. ही ओळ वाचणाऱ्याला साहजिकच वाटेल की साधारण शेतकऱ्याला पंधराशे मिळाले. प्रत्यक्षात पंधरांपैकी दहा वाहनांना त्याहून कमी भाव मिळाला. भाव क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येणारा, म्हणजे आठवा आकडा 1,200 आहे. हा मध्यक. सगळ्या भावांची बेरीज 18,450 येते, तिला 15 ने भागले की सरासरी 1,230. मध्यक आणि सरासरी एकमेकांच्या जवळ आहेत, आणि बहुलक दोघांच्या वर जवळपास तीनशे रुपये एकटाच बसला आहे.

आता त्या बहुलकाच्या जन्माकडे जरा बारकाईने पाहावे, कारण खरी गोम तेथे आहे. माझ्या वहीत ते तीन भाव मुळात 1,476, 1,501 आणि 1,511 असे आहेत. बोली अशाच सुट्या आकड्यांवर थांबते. मी पन्नासच्या पटीत आणल्यामुळे तिन्ही 1,500 झाले, आणि म्हणून बहुलक तयार झाला. मूळ भावांत एकही आकडा दोनदा आलेला नव्हता, म्हणजे व्याख्येनुसार त्यांना बहुलकच नाही. पन्नासच्या पटीत आणलेले हेच पंधरा भाव पाचशेच्या गटांत मांडले तर 500 ते 999 मध्ये चार, 1,000 ते 1,499 मध्ये सहा, 1,500 ते 1,999 मध्ये चार आणि त्यावर एक वाहन येते. आता सर्वाधिक वाहने हजार ते पंधराशेच्या गटात आहेत आणि बहुलक त्या गटाच्या मध्याशी, 1,250 च्या आसपास येतो. माल तोच, व्यापारी तेच, तरीही केवळ आकडे कसे गोळा केले यावर सर्वसाधारण दर अडीचशे रुपयांनी हलला. सरासरी किंवा मध्यक असा हलत नाही. आकडे थोडे मागे-पुढे गोल केले तर तेही थोडेच मागे-पुढे होतात. मी पाहिलेल्या एका समितीत तर गट पाडण्याचाही प्रश्न नव्हता. लिलावाला हजर असलेला कर्मचारी दुपारी ‘आज साधारण काय गेला’ असे दोघांना विचारून आकडा भरत असे. त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण किती रुपयांच्या टप्प्याने बहुलक काढायचा हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

‘मग सरासरी लावा’ असे कोणी म्हणेल, तर कोणती सरासरी, हे आधी ठरवावे लागेल. वर काढलेल्या 1,230 मध्ये 4 क्विंटलच्या टेम्पोला 20 क्विंटलच्या ट्रॉलीइतकेच वजन मिळाले आहे. वजन धरून हिशोब केला तर चौदा ट्रॉल्यांचे 3,21,000 आणि टेम्पोचे 9,600 मिळून 3,30,600 रुपये होतात, एकूण माल 284 क्विंटल, भागाकार 1,164. ही भारित सरासरी, आणि बाजारात खरोखर फिरलेल्या पैशांशी जुळणारा आकडा हा एकच आहे. बाजार शुल्क किती जमायला हवे, उलाढाल किती झाली, हे प्रश्न तिनेच सुटतात. सर्वसाधारण दराला आवकेने गुणून उलाढाल काढली तर ती 4,26,000 दिसते, म्हणजे पंधरा वाहनांच्या एका रांगेतच 95,400 रुपये असे, जे कोणी दिले नाहीत आणि कोणाला मिळाले नाहीत. मध्यकाने गुणले तरी 3,40,800 येतात. तेही चूकच, फक्त लहान चूक.

सरासरीचा दोषही तिच्याच घडणीत आहे. हंगामाच्या मुहूर्ताला एखाद्या मानाच्या गाडीला हौसेने चढा भाव पुकारला जातो. समजा त्या टेम्पोला 2,400 ऐवजी 4,000 मिळाले, तर साधी सरासरी 1,230 वरून 1,337 वर जाते, आणि बाकीच्या चौदा जणांच्या खिशात एक रुपयाही वाढलेला नसतो. वजन धरले तर हा फुगा पुष्कळ आवरतो, कारण 4 क्विंटलचा माल 284 क्विंटलना फार हलवू शकत नाही. मध्यक तर 1,200 वरच राहतो.

मध्यकाची ही स्थिरता मला शिक्षक म्हणून आवडते, शेतकरी म्हणून तिची भीती वाटते. तळाच्या सात वाहनांना 500 ते 1,100 ऐवजी सरसकट 200 रुपये मिळाले असते, तरी मध्यक 1,200 च राहिला असता. मधला माणूस जागेवर असेपर्यंत खालचे किती खोल गेले हे मध्यक सांगत नाही. आणखी एक अडचण अशी की लाल कांदा संपत असताना आणि उन्हाळ कांदा सुरू होत असताना दोन्ही माल एकाच ओळीत नोंदवले, तर भावांचे दोन वेगळे ढीग तयार होतात. एक समजा आठशेभोवती, दुसरा सोळाशेभोवती. दोन्ही ढीग सारखेच मोठे असतील, तर तेथे मध्यक किंवा सरासरी बाराशेच्या आसपास येईल, जेथे एकही ट्रॉली विकली गेलेली नसेल. अशा दिवशी मात्र बहुलक, किंवा खरे तर दोन बहुलक, सर्वांत प्रामाणिक बोलतात, आणि योग्य उपाय म्हणजे दोन ओळी वेगळ्या छापणे.

हा सगळा काथ्याकूट आपल्यापुढे मांडण्याचे कारण भावफरकाच्या योजना हे आहे. 2023 साली राज्याने कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत, असे ठोक अनुदान दिले. त्याला संदर्भ दराची गरजच नव्हती. परंतु मध्य प्रदेशाने 2017 मध्ये आणलेल्या भावांतर योजनेत सोयाबीन, उडीद यांसारख्या पिकांसाठी हमीभाव आणि एक ‘मॉडेल दर’ यांतील फरक द्यायचे ठरले, आणि तो मॉडेल दर बाजारांतील मोडल दरांच्या सरासरीवरून काढला गेला. प्रत्येक शेतकऱ्याचा प्रत्यक्ष विक्री दर न धरता एक समान दर धरण्यामागे विचार होता: तसे न केले तर शेतकरी आणि व्यापारी मिळून कागदावर भाव पाडून लिहितील. तो विचार मला पटतो. प्रश्न एवढाच, की तो समान दर कोणता.

माझ्या रांगेला आधार दर 1,600 धरून पाहू. संदर्भ बहुलकाचा, म्हणजे 1,500 असेल, तर फरक क्विंटलमागे 100 रुपये. 700 ने विकलेल्याच्या हातात 800 पडतील. संदर्भ भारित सरासरीचा असेल, तर फरक 436 रुपये आणि त्याच माणसाला 1,136. मध्यक धरला तर फरक 400 रुपये. शब्द एकच, ‘सर्वसाधारण’, पण त्याचा अर्थ बदलला की मदत चौपट होते किंवा चौथाईवर येते. आणि बहुलकांचीच पुन्हा बाजारवार साधी सरासरी काढली, तर लासलगावची हजारो क्विंटलची आवक आणि एखाद्या आठवडी बाजारातली चाळीस क्विंटलची आवक एकाच तराजूत बसतात. शिवाय वाशीसारख्या बाजाराच्या दरात शेतापासून तेथपर्यंतचे गाडीभाडे दडलेले असते, ते निराळेच.

बहुलक काढून टाका असे मी म्हणत नाही. उद्या ट्रॉली कोणत्या बाजारात न्यावी हे ठरवणाऱ्याला चांगल्या मालाचा चालू भाव कळणे उपयोगाचेच आहे. मागणी इतकीच, की सर्वसाधारण दर किती रुपयांच्या टप्प्याने आणि वजन धरून काढायचा याची एक व्याख्या सर्व समित्यांना लेखी द्यावी, आणि त्याच ओळीत भारित सरासरी व वजनानुसार मध्यक हे दोन रकाने वाढवावेत. त्यासाठी नवी माहिती गोळा करावी लागणार नाही. काट्याची पावती आणि हिशोबपट्टी यांत प्रत्येक वाहनाचे वजन आणि भाव लिहिलेले असतात, आणि जेथे ते संगणकावर चढतात तेथे हे गणित काही क्षणांचे आहे. भावफरकाची कोणतीही योजना आखली जाईल तेव्हा शासन निर्णयात ‘सर्वसाधारण दर’ एवढाच शब्द न वापरता तीनपैकी कोणता आकडा अभिप्रेत आहे, हे स्पष्ट लिहावे. माझे मत भारित सरासरीच्या बाजूने आहे, कारण ती प्रत्यक्ष दिलेल्या रकमेशी ताडून पाहता येते. बहुलक कशाशी ताडून पाहायचा हे मला आजवर सापडलेले नाही.

त्या सकाळची वही माझ्याकडे आहे, गोल न केलेल्या आकड्यांसह. आपल्या विभागाला हवी असल्यास तिची प्रत पाठवीन.

आपला विश्वासू,
निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक व निवृत्त गणित शिक्षक