आमटीत गोळी टाकू नकोस

सातारा, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. वहिनींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दारू सोडवायच्या, डायसल्फिरामच्या गोळ्या आणल्यात आणि अण्णांना न कळू देता आमटीतून द्यायच्या म्हणतात, हे वाचून लगेच लिहायला बसलो. तसं होऊ देऊ नकोस.

आमच्या मामांना घरच्यांनी असंच दिलं होतं. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी क्वार्टर घेतली. थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. बीपी इतकं खाली गेलं की रात्रभर सलाइनवर ठेवावं लागलं. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि लिव्हर लगेच त्याची विल्हेवाट लावतं. ही गोळी ती विल्हेवाटच अडवते, मग विष साचतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तल्लफ मात्र ती कमी करत नाही. "आज गोळी घेतलीय, आता पिता येणार नाही," हे माणसाला ठाऊक असणं हाच तिचा उपयोग. मामांना ते ठाऊकच नव्हतं. कळल्यावर कित्येक महिने ते घरात जेवले नाहीत. तीच गोळी स्वतःच्या मर्जीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज सकाळी बायकोसमोर घेणाऱ्यांना ती खरोखर सावरते.

अण्णा तर अजून पितात आणि "कमी करतो" एवढंच म्हणतात. अशा वेळी डॉक्टरांना नालट्रेक्सोन या दुसऱ्या औषधाबद्दल विचारावं, कारण पिणं चालू असतानाही ते सुरू करता येतं. प्यायल्यावर मेंदूत जे सुख उमटतं, त्याची वाटच ते अडवतं. मी घेतलं तेव्हा पहिला आठवडा मळमळ होती, म्हणून डॉक्टरांनी जेवणानंतर अर्धी गोळी दिली, मग ५० मिलिग्रॅमची पूर्ण. तिसऱ्या आठवड्यात एकदा पाहिलं तर दुसरा पेग तसाच पडून होता, बर्फ वितळून गेलेला. मी तो विसरलो होतो, सुहास! पण अण्णा गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल घेतात ना? ते डॉक्टरांना आधी सांगा. त्यावर नालट्रेक्सोन दिलं तर अंगावर येतं. लिव्हरची तपासणीही करून घ्या.

पुढे पूर्ण सोडायचं ठरलं, तर अकॅम्प्रोसेट आहे. सोडल्यानंतरची बेचैनी, उडालेली झोप यांवर ते काम करतं. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. पोट बिघडू शकतं. लिव्हरवर भार पडत नाही, पण किडनी ठीक हवी, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात.

आणि सकाळी त्यांचे हात थरथरत असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. फिट येऊ शकते. ते काही दिवस दवाखान्यातच काढावे लागतात.

गुरुवारी मी येतो. अण्णांशी मीच बोलेन, माझ्या गोळीपासून सुरुवात करून. तोवर वहिनींकडची पाकिटं तू ठेवून घे.

तुझा,
दिलीप