तक्रार: सेंटर डिस्टन्स 105 लिहून शिफ्ट केलेला पिनियन पाठवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व तांत्रिक विभाग

विषय: मॉड्यूल 3, दात 14 आणि 56, स्पर गिअरची जोडी

काल दुपारी तुमच्या तांत्रिक विभागाशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं. आता फोन करणार नाही, लेखीच कळवतो.

हिंगणा एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. काटोलच्या एका ग्राहकासाठी संत्री धुऊन प्रतवारी करायचं मशीन बनवतोय, त्याच्या कन्व्हेअरसाठी तुमच्याकडून ही जोडी घेतली. जोडीसोबतच्या कागदावर स्पष्ट छापलंय: सेंटर डिस्टन्स 105 मिमी. हिशोबही तोच येतो.

a = m(z1+z2)/2 = 3 × (14+56)/2 = 105

त्याप्रमाणे दोन्ही साइड प्लेटला 105.00 वर बोअर मारले, बेअरिंग बसवले, मोठा गिअर शाफ्टवर चढवला. मग पिनियन सरकवायला गेलो तर दात दातात शिरेचना. शाफ्ट काढून दोन्ही गिअर टेबलावर हातानं एकमेकांत बसवले, तेव्हा छान फिरले. म्हणजे दात ठीक आहेत, अंतर कमी पडतंय.

तुमच्या माणसाला मी हेच सांगत होतो. तो म्हणाला, "काका, मॉड्यूलला दातांच्या बेरजेनं गुणा आणि दोननं भागा. एवढं तर आयटीआयची पोरं करतात." मी स्वतः आयटीआयचा फिटर आहे, 27 वर्षं हेच काम करतोय. तरी त्याच्यासोबत फोनवर पुन्हा गुणाकार केला. 105 आले. "मग तुमचं बोअरिंग चुकलं," म्हणाला आणि हसला. मी म्हटलं, साहेब, बोअरचं अंतर दोनदा तपासलंय, तुम्ही पिनियनचा ओडी बघा. "ओडीचा सेंटर डिस्टन्सशी काय संबंध?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. गिअर विकणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक विभागातला माणूस हे म्हणतो, याचा मला फार राग आला.

संबंध काय तो ऐका. 14 दातांच्या साध्या पिनियनचा ओडी m(z+2), म्हणजे 3 × 16 = 48 मिमी हवा. माझ्या मायक्रोमीटरवर 49.8 भरला. मोठ्या गिअरचा 3 × 58 = 174 हवा, तो 174 च भरला. पिनियनचा व्यास 1.8 मिमीनं जास्त, म्हणजे कटर बाजूला 0.9 मिमी बाहेर ठेवून दात काढलेत. मॉड्यूल 3 ला हा +0.3 चा प्रोफाइल शिफ्ट झाला.

शिफ्ट का दिलात तेही मला कळतं. 20 अंशांच्या दाताला 17 पेक्षा कमी दात असले की हॉबिंगमध्ये मुळाशी अंडरकट होतो आणि दात कमजोर पडतो. शिफ्ट देणं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिफ्ट दिला की पिनियनचा दात पीच वर्तुळावर जाड होतो. हिशोबानं 4.71 ऐवजी 5.37 मिमी. मोठ्या गिअरची खाच मात्र 4.71 च. तो 105 वर शिरणार कसा?

वरचं सूत्र दोन्ही गिअर विनाशिफ्ट असतील, किंवा दोघांच्या शिफ्टची बेरीज शून्य असेल, तेव्हाच चालतं. इथे बेरीज +0.3 आहे. इनव्होल्यूट फंक्शननं काढलं तर कार्यरत दाब कोन 20 चा सुमारे 21.26 अंश होतो आणि सेंटर डिस्टन्स येतं:

a' = 105 × cos 20° / cos 21.26° ≈ 105.87

हेही बॅकलॅश शून्य धरून. म्हणजे तुमच्या कागदावरचे 105 जवळजवळ 0.87 मिमीनं चुकीचे आहेत. पुन्हा सांगतो, कागद तुमचा, 105 तुम्ही छापले, आणि शिफ्टचा त्यावर एक शब्दही नाही.

माझ्या बोअर मारलेल्या दोन प्लेट आता 105.87 ला सरकवता येत नाहीत, जुना बोअर आडवा येतो. म्हणून उपाय एकच: 56 दातांचा गिअर -0.3 शिफ्टचा, ओडी 172.2 चा बनवून द्या. त्याची खाच तेवढीच रुंद होईल, बेरीज शून्य होईल आणि माझे 105 कायम राहतील. मोठ्या गिअरला एवढा उणे शिफ्ट सहज झेपतो.

हा गिअर विनामूल्य आणि 10 दिवसांत हवा. काटोलचा ग्राहक रोज फोन करतोय. गिअर आला नाही तर दोन्ही प्लेट आणि बोअरिंगचा खर्च तुमच्या बिलातून कापून घेईन आणि हिंगण्यातल्या ज्या ज्या वर्कशॉपला मी तुमचं नाव सुचवलं त्यांना हा कागद दाखवीन. इतकी वर्षं तुमचेच गिअर विश्वासानं वापरले, म्हणून जास्त वाईट वाटतं.

आणि त्या कागदावर शिफ्टचा आकडा छापायला लागा. सेंटर डिस्टन्सच्या शेजारीच.

आपला,
एक जुना ग्राहक, हिंगणा, नागपूर