वैजूस पत्र: तुमच्या गणपतीच्या आमंत्रणाबद्दल

नौपाडा, ठाणे
२ ऑगस्ट २०२६

प्रिय वैजू,

डॅलसच्या तुमच्या मंडळाच्या आमंत्रणाचा तू पाठवलेला मजकूर येऊन नऊ दिवस झाले आणि मी नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवून गप्प बसले, म्हणून आधी माफ कर. इकडे सगळे बरे आहेत, गुडघा आहे तसाच आहे. नऊ दिवस घेतले कारण त्या आठ ओळींत मला खरंच काहीतरी खटकत होतं, आणि ते नेमकं काय हे कळल्याशिवाय तुला लिहायचं नव्हतं. ‘छान आहे’ म्हणून सोडून दिलं असतं तर गॅदरिंगच्या फलकासारखं झालं असतं. तेव्हाही तारीख खाली कोपऱ्यात नको असं मी म्हणत होते आणि तू रुसली होतीस. आताही रुसलीस तरी चालेल, पण पूर्ण वाच.

तुझी सुरुवात आहे: ‘सर्व मराठी बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार! दरवर्षीप्रमाणे याही वर्षी आपल्या लाडक्या बाप्पाच्या आगमनानिमित्त आपले मंडळ घेऊन येत आहे...’ इन्स्टाग्रामवर फोटोखाली साधारण सव्वाशे अक्षरं दिसतात, पुढचं ‘आणखी’वर बोट ठेवल्याशिवाय उघडत नाही. आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘गणेशोत्सव’ आपल्याला पाच अक्षरांचा वाटतो, पण तिथे तो नऊ भरतो. मी तुझं वाक्य बोटं मोडून मोजलं. ते ‘घेऊन येत’पाशी तुटतं. म्हणजे डॅलसमधल्या माणसाला नमस्कार मिळतो, पण कधी, कुठे, कशाला यातलं काहीच मिळत नाही, आणि तो पुढच्या फोटोवर जातो. नमस्कार खाली घे. पहिल्या ओळीत सण, वार, तारीख, वेळ, गाव आणि नाव नोंदवायची मुदत एवढंच ठेव.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. तू लिहिलंयस ‘गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबर’. चतुर्थी यंदा सोमवारी १४ तारखेला आहे. तुम्ही सुट्टी बघून शनिवारी करताय, त्यात काहीच गैर नाही, कारण अनंत चतुर्दशी २५ला आहे आणि १९ तारीख उत्सवातच बसते. पण मग शब्द ‘गणेशोत्सव’ हवा. ‘चतुर्थी’ लिहिलंस की कुणीतरी खाली तिथी चुकली म्हणून लिहिणार, दुसरा त्याला उत्तर देणार, आणि आमंत्रणाखाली पंचांगाचा वाद रंगणार. दोन लोकांना तर खरंच वाटेल की कार्यक्रम सोमवारी आहे.

आकडे मात्र इंग्रजी वापर. इथे मी हट्टानं देवनागरी लिहिते हे तुला माहीत आहे, पण तिथल्या मुलांना देवनागरी १ हा 9 वाटतो, आणि आमंत्रण पुढे सरकवणारी बहुतेक तीच मुलं असतात. आणि ‘19/9’ नको. तिथे महिना आधी लिहितात. १९वा महिना नसल्यामुळे या वेळी निभावेल, पण कोजागिरीच्या किंवा दिवाळीच्या आमंत्रणात तारीख १२ किंवा तिच्या आतली आली की महिना आणि दिवस यांची अदलाबदल होणार. महिन्याचं नाव अक्षरातच लिही.

आता जेवण. गेल्या वर्षी ऐंशी जणांच्या स्वयंपाकाला सव्वाशे माणसं आली हे तू किती दुःखानं सांगितलं होतंस! वैजू, त्याचं कारण आमंत्रणातच होतं. ‘सर्वांना आग्रहाचे निमंत्रण, महाप्रसादाचा लाभ घ्यावा’ असं म्हटल्यावर कुणी कशाला कळवेल? हे वाचणाऱ्याला आपलं येणं कुणीतरी मोजतंय याची कल्पनाच नसते. मुदत लिही, आणि मुदतीचं कारणही लिही. माणशी दोन मोदक धरले तर एकशेवीस जणांना दोनशेचाळीस लागतात. एका वाटी पिठीचे दहा-अकरा होतात, म्हणजे बावीस-चोवीस वाट्यांची उकड. ती गरम असतानाच मळावी लागते, गार झाली की पारीला चिरा पडतात, म्हणून एकदम काढता येत नाही. घाणे पाडावे लागतात आणि वळायला किती हात लागतील हे आधी ठरवावं लागतं. म्हणून रविवार १३ची मुदत. आठवडाभर आधी आकडा हातात आला की पिठी, खोबरं आणि माणसं तिन्ही जमतात.

सारणात काय आहे तेही एका ओळीत सांग. तिथे मुलांना शेंगदाण्याची, काजूची ॲलर्जी असते आणि आया त्याच एका ओळीसाठी मंडळाला फोन करत बसतात. आणि हॉलमध्ये आग चालत नाही म्हणालीस, तर घरून निरांजन आणू नका हेही आधीच लिही. दारात ताट परत ठेवायला लावलं की माणूस दुखावतो, आधी वाचलेलं असेल तर नाही.

मी असं करून बघितलं:

> गणेशोत्सव, शनिवार 19 सप्टेंबर, सकाळी 10:30, डॅलस. जेवणासाठी नाव नोंदवा: रविवार 13 सप्टेंबरपर्यंत.
>
> सस्नेह नमस्कार! 10:30 ला पूजा, 11 ला आरती (भारतात रात्री 9:30), 12 ते 2 महाप्रसाद. सहकुटुंब या.
>
> उकडीचे मोदक मोजून करतो, म्हणून मोठे किती, मुलं किती ते कळवा. सारणात ओलं खोबरं, गूळ आणि वेलची आहे. सुकामेवा नाही. बटाट्याच्या भाजीत शेंगदाण्याचा कूट आहे.
>
> हॉलमध्ये ज्योत चालत नाही, घरून निरांजन आणू नका. टाळ आणा.

पहिली ओळ शंभराच्या आत बसते. खाली हॉलचा पत्ता, गाडी कुठे लावायची ते, आणि नोंदणीची लिंक. इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबली तर उघडत नाही, तिथे ती बायोमध्ये ठेवून ‘लिंक बायोमध्ये’ लिही. व्हॉट्सॲपवर मात्र लिंकच टाक. म्हणजे दोन मजकूर करावे लागतील, एकच दोन्हीकडे चिकटवू नकोस. व्हॉट्सॲपवर पहिली ओळ ठळक करायला ताऱ्याला लागून शब्द हवा, असा:

```
*गणेशोत्सव, शनिवार 19 सप्टेंबर*
```

ताऱ्यानंतर जागा सुटली की ओळ ठळक होत नाही, नुसते तारे दिसतात. शिवाय लोक चित्र उतरवून पुढे पाठवतात तेव्हा मजकूर मागेच राहतो, म्हणून तारीख, वेळ आणि पत्ता चित्रावरही असूदे. ते चित्र जो करतोय त्याला एकदा ‘सप्टेंबर’ आणि ‘शनिवार’ नीट बघायला सांग. काही डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर फुटून प खाली हलन्त दिसतो आणि ‘नि’ची वेलांटी न च्या मागे जाऊन पडते. करणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याला ते कळणारही नाही.

आरती चार वाजता ठेवायचा विचार सोडलास ना? तुमचे दुपारचे चार म्हणजे आमच्याकडे रविवारी पहाटेचे अडीच. अकरा ठेवलीस तर ठाण्यातली सगळी आजी-आजोबा मंडळी फोनवर टाळ्या वाजवू शकतील.

ईशाची परीक्षा कशी झाली? नव्या ऑफिसात जेवायला सोबत मिळाली का? नीट लिही, घाईत नको.

परवा तलावपाळीवर काकू भेटल्या. त्यांना साडेनऊची वेळ सांगितली आहे. त्या दिवशी आठलाच जेवून फोन चार्जिंगला लावून बसणार आहेत, तेव्हा वेळ बदललीस तर आधी त्यांना कळव.

तुझी,
सुमी