दुकानाच्या पन्नाशीची जाहिरात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वर्धापनदिनाच्या सेलचा मजकूर दोनदा वाचला. 'विश्वासाची ५० वर्षे, निमित्त श्रावणाचे, भव्य सूट १० टक्के' हे शब्द शेजारच्या कोणत्याही कापड दुकानाच्या फलकावर तसेच्या तसे शोभतील, आणि माझी हरकत तेवढीच आहे. तुझ्या दुकानाचे असे त्यात काहीच नाही.

मला अण्णांचा काउंटर आठवतो. मीटरपट्टीने कापड मोजून झाले की ते कात्री लगेच लावत नसत. आधी चार बोटे पुढे सरकत आणि मग कापत. आईने विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "धुतल्यावर आटतं ना, वहिनी." सुती कापड खरोखरच पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ती चार बोटे गिऱ्हाइकाला शिवताना उपयोगी पडत. जाहिरात इथून सुरू व्हावी आणि सवलतही यातूनच निघावी: पाच मीटर सुती कापडावर अर्धा मीटर जास्त.

हिशेब करून पाहा. २०० रुपये मीटरच्या कापडाची तुझी खरेदी १४० धरली, तर पाच मीटरवर १० टक्के सूट म्हणजे खिशातले १०० रुपये जातात. अर्धा मीटर जादा दिल्यास गिऱ्हाइकाला १०० रुपयांचेच कापड मिळते, पण तुला ते ७० रुपयांना पडते. मात्र ही सवलत ताग्यातून कापून द्यायच्या मालापुरतीच ठेव, कारण तयार साडीला अर्धा मीटर जोडता येत नाही. आणि त्या दिवसांत मीटरचा भाव गुपचूप वाढवू नकोस, नाहीतर अण्णांची चार बोटे खोटी ठरतील.

आता तारखेची चूक. दुकान ५ ऑगस्ट १९७६ रोजी उघडले तेव्हा श्रावण चालू होता. परंतु २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ५ ऑगस्टला आषाढच असेल, श्रावण १३ ऑगस्टला लागेल. 'आजच्याच दिवशी, श्रावणात' असे छापलेस तर पंचांग पाहणारी पहिलीच आजी तुला टोकेल. म्हणून पूजा ५ तारखेला कर, सेल १३ ते २३ ऑगस्ट ठेव. गणपती १४ सप्टेंबरला असल्याने घेतलेले कापड शिंप्याकडून वेळेत मिळेलही.

मजकूर मी असा सुचवतो: 'श्रावण, १९७६. कापड आटेल म्हणून अण्णा चार बोटे जास्त कापत. या श्रावणात आम्ही अर्धा मीटर जास्त कापतो. पाच मीटर सुती कापडावर, १३ ते २३ ऑगस्ट.' दुकानाचे नाव खाली, लहान अक्षरात.

चित्रात मॉडेल नको. अण्णांची ती कडा झिजलेली मीटरपट्टी माळ्यावर असेल, तर तिचा फोटो काढून पाठव. मांडणी मी त्यावरूनच करतो.

तुझाच,
मित्र